खिडकीखालची ओळ

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, हे काकांना रोज एकदा तरी आठवायचं, आणि आठवलं की ते चष्मा काढून पुसायला घ्यायचे. पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवेपर्यंत दुसरं काहीतरी काम निघालेलं असायचं. असं करता करता हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि पावसाळाही निम्मा सरला.

पत्र लहानसंच होतं. ताई काकांची थोरली बहीण. भावोजी गेल्यावर काही महिन्यांनी तिनं ते लिहिलं होतं. ‘मी बरी आहे. जेवते, झोपते. शेजारच्या बाईंनी फोटो काढला, त्याची एक प्रत तुला पाठवते. मी खिडकीशी बसते ना, तो आहे. चौकट करून भिंतीवर लावीन म्हणते. खाली लिहायला एखादी ओळ दे. तुझं तेच काम होतं. मोठी नको. फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही, नुसतं हो हो करावं लागतं.’

फोटोत खिडकीशी दोन खुर्च्या होत्या. एकीत ताई पाठमोरी बसली होती, दुसरी रिकामी होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं, निदान काकांना तसं दिसलं होतं. छान, तापलेल्या दुधावरच्या सायीसारखं ऊन. काकांना बरं वाटलं होतं. ताई उन्हात बसते, म्हणजे सावरतेय. मग ते ओळ लिहायला बसले, आणि तिथंच घोडं अडलं. उन्हाला साजेशी ओळ लिहिली की ती ताईच्या पत्राशेजारी ठेववत नव्हती. ‘जेवते, झोपते’ असं लिहिणारी बाई आणि ते सायीचं ऊन, दोघांचं एकमेकांशी पटेना. काकांनी कागदावर कागद फाडले. दोष आपलाच, असं त्यांनी धरून टाकलं. आपला हात गेला. जन्मभर लोकांच्या फोटोंखाली ओळी लिहिल्या आणि सख्ख्या बहिणीला एक देता येत नाही.

पुढं मग उशीर झाला याचीच लाज वाटायला लागली, आणि लाजेनं आणखी उशीर झाला.

काका एका वर्तमानपत्रात होते. छायाचित्रांखाली जे दोन ओळींचं लिहून येतं, ते लिहायचं त्यांचं काम. ते कुणी वाचतं का, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. निवृत्त झाल्यावर ते पुस्तकं, कुकर आणि खिडकीवरची एक कोरफडीची कुंडी एवढ्यावर जगत होते. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर ‘राहून गेलं’ म्हणायचे, जणू दूध आणायचं राहून जावं तसं.

तिथून त्यांना बाहेर ओढून काढलं ते त्यांच्या पुतणीनं, धाकट्या भावाच्या मुलीनं. घरचे सगळे तिला चिऊ म्हणत. ही चिऊ आता चाळिशीला आली होती आणि एका ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिनं ऑफिस थाटलं होतं. दुकानदार, दवाखाने, छोटी हॉटेलं यांचे फोटो इंटरनेटवर टाकायचे, खाली चार शब्द लिहायचे, लोकांना ते पाहावंसं वाटेल असं करायचं, हा धंदा. खालून वाफेचा आणि इस्त्रीचा वास यायचा. वर चिऊ, एक फोटोग्राफर आणि काका.

“काका, तुम्ही आयुष्यभर जे केलंत तेच करायचंय,” चिऊ म्हणाली होती. “फक्त आता त्याला कॅप्शन म्हणतात.”

“आमच्या वेळचे फोटो काळे-पांढरे होते गं.”

“मग आता रंग मिळाले. पगारवाढ समजा.”

काकांची एक पद्धत होती. फोटो आला की आधी लांब धरायचा आणि डोळे किलकिले करायचे, म्हणजे त्यातल्या वस्तू पुसट होतात आणि नुसता उजेड उरतो. उजेड ऊबदार आहे की गार? सावलीची कड धारदार आहे की विरघळलेली? जागा उघड्यावरची की बंद दाराआडची? एवढं कळलं की आवाज ठरला. फोटोत कोण आहे, काय आहे, हे त्यानंतर. आणि जे डोळ्यांना दिसतंच आहे ते शब्दांत पुन्हा सांगायचं नाही, हा दुसरा नियम.

कलत्या उन्हाचा फोटो असला, ज्याला फोटोग्राफर गोल्डन आवर म्हणायचा, तर वाक्य लांबवायचं, क्रियापदाला शेवटापर्यंत रेंगाळू द्यायचं. चहाच्या टपरीसाठी त्यांनी लिहिलं होतं, ‘दिवस मावळायला अजून अवकाश आहे, चहाही निवायचा आहे, आणि तुम्हाला कुठंही जायची घाई नाही असं या बाकड्यानं परस्पर ठरवून टाकलंय.’ टळटळीत दुपार असली तर थट्टा. एका छत्र्यांच्या दुकानाखाली, ‘सावली मिळेल. दोन साइझमध्ये.’ दिव्याखालचा फोटो असला की एकाच माणसाशी बोलल्यासारखं, हळू. आणि पाऊस, ढग, ओली काच असली की तुटक. दोन शब्द, पूर्णविराम. गार उजेडात माणूस लांब बोलत नाही.

चिऊनं हे सगळं त्यांच्याकडूनच उचललं होतं. सुरुवातीला ती प्रत्येक ओळ फोटोशेजारी ठेवून पाहायची. नंतर कामं वाढली. काका ओळी एका फाइलीत टाकत, चिऊ त्यांवर शुद्धलेखनापुरती नजर फिरवी आणि महिन्याभराच्या पोस्ट एकदम लावून ठेवी. काकांची ओळ चुकणार नाही, हे दोघांनीही गृहीत धरलेलं होतं. म्हणजे चिऊनं. काकांनी काहीच कधी गृहीत धरलं नव्हतं, पण ते बोलले नाहीत.

फोन आला तेव्हा काका खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक करत होते. चिऊनं फोन स्पीकरवर टाकला आणि लगेच पश्चात्ताप झाल्यासारखा चेहरा केला. पलीकडे तळ्याकाठच्या गेस्टहाउसच्या मालकीणबाई होत्या. पावसाळ्यात त्यांच्याकडे चिटपाखरू फिरकत नसे, म्हणून या वर्षी त्यांनी पावसाचेच फोटो काढून घेतले होते. शांत राहायला या, पुस्तकं आणा, असा सगळा मामला.

“अहो, काल एक जोडपं आलंय,” मालकीणबाई म्हणत होत्या. “येताना काय आणलंय माहितीय? उन्हाच्या टोप्या! आणि अंगाला लावायचं ते क्रीम! बाई मला मोबाइल दाखवतात, तुम्हीच लिहिलंय म्हणतात. थांबा, वाचते. ‘कोवळं ऊन गच्चीवर पाय पसरून बसलंय, सकाळ अजून पुरती उठायची आहे, आणि तुमच्यासाठी एक खुर्ची राखून ठेवली आहे.’ कुठलं ऊन हो? माझ्या गच्चीवर शेवाळ आहे! पाय पसरले तर माणूस थेट तळ्यात जाईल!”

चिऊनं तोंडावर हात धरला. हसू की रडू, हे तिचं ठरत नव्हतं.

“आणि ही एकच नाही,” मालकीणबाई पुढं म्हणाल्या. “सगळ्या वाचल्या मी रात्री बसून. सुंदर आहेत. पण त्या दुसऱ्या कुणाच्या तरी गेस्टहाउसच्या आहेत. परवापर्यंत नीट होत असेल तर बघा, नाहीतर मी माझ्या भाच्याकडून लिहून घेते. तो निदान पाऊस बघून पाऊस म्हणेल.”

फोन ठेवल्यावर खोलीत इस्त्रीच्या वाफेचा सुस्कारा तेवढा ऐकू आला.

“दुसऱ्या कुणाच्या फोटोंवर लिहिल्यात का?” चिऊनं हळूच विचारलं. “फाइल बदलली असेल.”

“नाही,” काका म्हणाले. “गच्चीचाच आहे. ओल्या खुर्च्या... म्हणजे, चकाकणाऱ्या.”

त्यांनाच ते ऐकायला विचित्र वाटलं. पण आत काही हललं नाही. हल्ली हलायचं नाहीच. भावोजी गेल्याचं कळलं तेव्हाही नाही. काका ताईकडं गेले, बसले, परत आले. सगळं कसं जाड कापडाआडून चालल्यासारखं होतं.

फोटोग्राफर तेवढ्यात जिना चढून आला. हा दांडगा माणूस, दारातून आत यायचा तो आधी पोट, मग कॅमेरा, मग विनोद या क्रमानं. चिऊनं सगळं सांगितलं. त्यानं खुर्ची उलटी फिरवून बसकण मारली आणि गच्चीचा फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला.

“काका, हा मी सकाळी काढलाय. रात्रभर कोसळून पाऊस नुकता थांबलेला. आभाळ एवढं खाली होतं की मी वाकून चाललो. ह्यात ऊन कुठं सापडलं तुम्हाला? मला सांगा, मी जाऊन आणतो.”

“जमीन चमकतेय ना. आणि मागं आभाळ पांढरंफेक.”

“पांढरं?”

“पांढरं. जरासं पिवळट.”

फोटोग्राफर हसला नाही. काकांना ते लक्षात राहिलं, कारण तो सहसा हसायची संधी सोडत नसे. त्यानं स्क्रीनवर काहीतरी केलं. एकाच फोटोच्या दोन प्रती शेजारी शेजारी आल्या.

“एक मी जसा काढला तसा ठेवलाय. दुसऱ्याला पिवळी ऊब चढवलीय, चांगली सढळ हातानं. लोक पावसाचं ऊन करायला करतात तशी. सांगा, संध्याकाळची कुठली?”

काका पुढं वाकले. मग मागं सरकले. डोळे किलकिले केले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. एक थोडा उजळ होता, एक थोडा मंद. दोन्हींत सकाळच होती, तीच, पाय पसरून बसलेली.

“डावा?” ते म्हणाले.

चिऊ एकदम त्यांच्या तोंडाकडे बघायला लागली.

“डावा निळा आहे काका,” ती म्हणाली. “निळाशार. मासे सोडावेत इतका.”

“बरं,” फोटोग्राफर म्हणाला, आता अगदी मऊ आवाजात, “रंग जाऊ द्या. रंग सोडून सांगा. तुम्हीच मला शिकवलंत ना? सावली कुठंय?”

काकांनी पाहिलं. गच्चीवर चार खुर्च्या, एक टेबल, एक कपडे वाळत घालायचा दांडा. जमिनीवर त्यांची उलटी प्रतिबिंबं पडली होती, पाण्यात पडतात तशी. पण ऊन असतं तर कुठल्या तरी एका बाजूला सावल्या लांबल्या असत्या, कोवळ्या उन्हात तर फारच लांब. एकही नव्हती.

“नाहीये,” काका म्हणाले.

“नाहीये,” फोटोग्राफर म्हणाला. त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला, आपला हात जड आहे हे आठवल्यासारखा. “डोळे दाखवा काका. माझ्या आईचं असंच झालं होतं. पांढऱ्या भिंतीला क्रीम रंग म्हणायची आणि रंगाऱ्याशी भांडायची.”

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब टाकले, यंत्रातून पाहिलं आणि “मोतीबिंदू, दोन्हीकडे” असं सांगितलं. डोळ्यांतलं भिंग वयानं पिवळं पडतं, म्हणाल्या, आणि इतकं सावकाश पडतं की माणसाला पत्ता लागत नाही. निळा रंग आधी अडतो. उजेडाकडं पाहिलं की तो पसरतो, फुलतो. “खिडकी असली तर सगळी खिडकीच पेटल्यासारखी दिसते. दिसत होती का?”

“मला वाटायचं ऊन आहे,” काका म्हणाले.

“किती वर्षं?”

काकांना सांगता येईना. आपण किती वर्षं ऊन पाहत होतो, हा प्रश्न त्यांना कुणी यापूर्वी विचारला नव्हता.

उजवा डोळा आधी करायचा ठरलं. चिऊनं मालकीणबाईंना फोन करून खरं ते सांगून टाकलं. त्यावर त्या म्हणाल्या, “मग आधी सांगायचं नाही का? होऊ दे त्यांचा डोळा. भाच्याला मी अजून विचारलेलं नाही. त्याचं अक्षरही वाईट आहे.” तोवर चिऊनं उन्हाच्या ओळी काढून घेतल्या आणि फोटो नुसतेच ठेवले. मुके.

ऑपरेशन जागेपणीच झालं. थेंबांनी डोळा बधिर केला होता. दुखलं नाही, फक्त वर एक प्रकाश हलत राहिला आणि कुणीतरी शेजारी रविवारच्या क्रिकेटबद्दल बोलत होतं. काकांच्या मनात आलं, डोळ्याला आज थेंबांनी जे झालंय ते आपल्याला एरवीही झालेलंच असतं. त्यांना यावर हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. चिऊ समोर उभी होती.

“कसं वाटतंय?”

“निळं,” काका म्हणाले.

“काय निळं?”

“सगळंच. तुझ्या ओढणीचा काठ. भिंत. डॉक्टरीणबाईंचा कोट. मी तो पिवळट समजत होतो, म्हटलं धूत नाहीत की काय.”

चिऊ खळखळून हसली आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि काका ओशाळून दुसरीकडं बघायला लागले. दुसरीकडंही निळं होतंच.

घरी काही दिवस चिऊ त्यांच्याकडं राहिली. वाकायचं नाही, तोंडावर पाणी मारायचं नाही, थेंब वेळेवर. काका खुर्चीत बसून एक खेळ खेळत राहिले. उजवा डोळा झाकायचा, की खोली चहात बुडवल्यासारखी. डावा झाकायचा, की खोली धुऊन वाळत टाकल्यासारखी. कुंडीतल्या कोरफडीला ते पिवळसर हिरवी म्हणत आले होते. तिच्यात निळं होतं, पानांच्या पाठीवर, राखेसारखं.

“आत्याला कळवलं मी,” एका दुपारी चिऊ भांडी विसळता विसळता म्हणाली. “शेजारच्या बाईंकडं फोन केला. त्या म्हणाल्या, सांगते लिहून. मग स्वतः आत्याच फोनवर आली. नुसतं हो हो. शेवटी म्हणाली, त्याला म्हणावं, ओळ नको आता. चौकट लावून टाकली.”

काकांनी झाकलेल्या डोळ्यावरून हात काढला.

“कसली ओळ, काका?”

“होती एक.”

“तुमचं काही बिनसलंय का तिच्याशी?”

“नाही गं. राहून गेलं.”

चिऊनं हात पुसले आणि त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. “तुमचं फारच काय काय राहून जातं,” ती म्हणाली, पण रागानं नव्हे.

थोड्या दिवसांनी काका काळा गॉगल लावून ऑफिसचा जिना चढले. फोटोग्राफरनं त्यांना पाहून सलाम ठोकला. “या हिरो, या! कुठलं शूटिंग?”

“गच्चीचं,” काका म्हणाले. “लाव.”

गच्ची स्क्रीनवर आली. काकांनी गॉगल काढला. ती खरोखर निळी होती, आणि तिच्यात एक हिरवट काळी ओल होती जी खुर्च्यांच्या पायांवरून वर चढत होती. आभाळ पांढरं नव्हतंच. शाई सांडलेलं पाणी टिपकागदानं उचलावं, तसं होतं. काकांना वाटलं, आपल्याला वाईट वाटेल. वाटलं नाही. पण आवाज मात्र लगेच आला, न शोधता, कोपऱ्यातून कुणी बोललं असावं तसा.

त्यांनी लिहिलं, ‘गच्ची ओली आहे. आत या.’

पुढच्या फोटोत खिडकीतलं बाक आणि वर घडी केलेलं पांघरूण. काचेवरचे थेंब स्वच्छ, त्यांच्या मागचं तळं नुसतं धुरकट. थेंबांबद्दल काहीच लिहायचं नव्हतं, ते दिसतच होते. ‘पुस्तक संपलं तर कपाटात आणखी आहेत.’ नंतर जिन्याचा, एकच दिवा लागलेला, पिवळा. तिथं थोडं सैल सोडलं, कारण तेवढा एकच कोपरा ऊबदार होता: ‘तुम्ही येईपर्यंत हा असाच ठेवतो, आम्हाला तसंही उशिरा झोपायची सवय आहे.’

या वेळी चिऊ शेजारी बसली होती आणि प्रत्येक ओळ फोटोखाली ठेवून पाहत होती, पहिल्या दिवसांसारखी. फोटोग्राफरनं वाकून वाचलं.

“‘गच्ची ओली आहे. आत या,’” तो म्हणाला. “मला थंडी वाजली.”

मालकीणबाईंचा निरोप संध्याकाळी आला. ‘आता माझं घर आहे.’ एवढाच. चिऊनं तो दोनदा वाचून दाखवला, आणि काका पेन्सिलीला टोक करत राहिले.

त्या संध्याकाळी काका घरी आले, दिवे लावले, आणि कपाटातून ताईचं पाकीट काढलं. मधले दिवस त्यांनी ते मुद्दामच काढलं नव्हतं. आपल्याला काय दिसणार, हे त्यांना ऑफिसमधल्या त्या दोन गच्च्यांच्या दिवसापासूनच माहीत होतं. तरीही दिव्याखाली फोटो धरताना त्यांचा हात जरा लांबच राहिला.

निळा होता.

ती निळाई सकाळची की संध्याकाळची, ते कळायला मार्ग नव्हता. खोलीत दिवा लावलेला नव्हता. खिडकीच्या काचेवर परतीच्या पावसाचं पाणी ओघळत होतं, बारीक, एकसारखं, आणि काचेपलीकडं काहीच नव्हतं, सगळं त्या पाण्यात पुसून गेलेलं. ताईनं अंगावर भावोजींचा स्वेटर घातला होता. तो काकांना याआधी तिचाच वाटला होता, मातकट रंगाचा. तो गडद निळा होता. भावोजींच्या सगळ्या फोटोंत तो असायचा. बाह्या तिच्या बोटांपर्यंत आल्या होत्या. रिकाम्या खुर्चीच्या पाठीला त्यांची छत्री टांगलेली होती.

काका बसून राहिले. मग त्यांनी उजवा डोळा झाकला.

डाव्या डोळ्याला खोली पुन्हा तशीच दिसली, सायीची. खिडकी फुलून आलेली. त्यांना क्षणभर तिथंच थांबावंसं वाटलं. पण आता त्यांनी जमिनीकडं पाहिलं, जिकडं पाहायला ते सगळ्यांना शिकवत आले होते. इतका मोठा उजेड खिडकीतून आत येत असता, तर खुर्चीच्या पायांच्या सावल्या कॅमेऱ्याच्या दिशेनं, थेट फोटोच्या कडेपर्यंत लांबत आल्या असत्या. नव्हत्या. खुर्चीखाली नुसता एक मळकट ढग होता, ढगाळ दिवशी असतो तसा. हे या डोळ्यालाही दिसत होतं. हे त्या डोळ्याला हिवाळ्यातही दिसलंच असतं.

पिवळ्या भिंगावर सगळं ढकलता येत नव्हतं. डोळ्यानं ऊन दाखवलं होतं आणि आपल्याला तेच हवं होतं, म्हणून आपण खाली पाहिलं नाही. ताईनं तर पत्रात गार उजेडातच लिहिलं होतं. दोन शब्द, पूर्णविराम. दोन शब्द, पूर्णविराम. तिच्या ओळी फोटोला अगदी बरोबर बसत होत्या. जे जुळत नव्हतं, ते फक्त काका.

त्यांनी हात खाली घेतला. आत काही उचंबळून वगैरे आलं नाही. फक्त ते जाड कापड, जे मधे असायचं, ते किती जाड आहे हे त्यांना पहिल्यांदा हाताला लागलं. आणि ताईच्याही मधे असंच काहीतरी असेल, आणि ती त्याच्याआड बसून हो हो म्हणत असेल, हेही.

त्यांनी कागद ओढला. ओळ नको आता, असं ती म्हणाली होती. पण तिनं चौकट लावून टाकली होती, याचा अर्थ चौकटीखालची जागा रिकामीच होती.

शाळेपासूनची सवय म्हणून त्यांनी आधी कच्चं लिहायला घेतलं, आणि मग कच्चं बाजूला सारून सरळ पक्क्यावरच लिहिलं.

‘ताई,

फोटोत ऊन आहे असं मला वाटलं होतं. नव्हतं. उशीर झाला.

ओळ अशी: खुर्ची हलवलेली नाही.

नको असली तर लावू नकोस.

मी रविवारी येतो. त्या खुर्चीत बसणार नाही. मला स्टूल चालेल.’

खाली सही केली. वाचून पाहिलं. फार कोरडं वाटलं. ‘काळजी घे’ असं लिहायला पेन टेकवलं आणि मग फोटोकडं पाहिलं. त्या खोलीत ते वाक्य कुठं ठेवणार? काकांनी पेनाला टोपण घातलं.

सकाळी चिऊला फोन करून त्यांनी सांगितलं, रविवारी गेस्टहाउसचं काम असलं तर ते शनिवारीच देऊन जातील. “कुठं निघालात?” तिनं विचारलं. “ताईकडं.” चिऊ म्हणाली, “थेंब बरोबर घ्या. आणि काका, तिच्याशी मोठ्यानं बोला हां. तुम्ही पुस्तकाशी बोलल्यासारखं बोलता.”

“ती बोलत नाही, मीही बोलत नाही,” काका म्हणाले. “जमेल.”

आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता. त्यांनी तरीही गॉगल लावला, छत्री घेतली, आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पाकीट पेटीच्या तोंडाशी धरून ते थोडे थांबले. पत्ता पुन्हा वाचला, तिकीट बोटानं दाबून पाहिलं. मागं एक बाई तिचं पाकीट घेऊन उभी राहिली होती, तिनं घसा साफ केला.

“टाकायचंय ना?” तिनं विचारलं.

“हो हो,” काका म्हणाले आणि पाकीट सोडलं.

ते आत पडल्याचा आवाज आला. खात्री पटली नाही, म्हणून त्यांनी बोटं आत घालून चाचपलं. अडकलेलं नव्हतं. बाजूला होऊन त्यांनी गॉगल कपाळावर चढवला, एक डोळा झाकला, मग दुसरा. पेटी लाल होती. दोन्ही डोळ्यांना सारखीच लाल.